‘बावीस पक्के’ म्हणजे कोणते बावीस? ज्युनिअर अकाउंटंटचं ऑफर लेटर करताना

मुलाखत संपली आणि शेठ म्हणाले, “बावीस पक्के. लेटर काढा.” समोरची मुलगी हसली, तिचे वडील हसले, चहा झाला. लेटर काढायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्याच ओळीला अडलं. बावीस हजार म्हणजे कोणते बावीस? कंपनीला पडणारे, पगारपत्रकात वर दिसणारे, की महिन्याच्या सात तारखेला खात्यात येणारे? तिघांनी तीन वेगळे बावीस ऐकले होते, आणि कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

ही जून 2024 ची गोष्ट. जागा वडोदरा, मकरपुरा जीआयडीसीतलं पंपांचे सुटे भाग करणारं युनिट, माणसं पस्तीसच्या आसपास. मुलगी दांडिया बाजारातली, सयाजीराव विद्यापीठाची ताजी बी.कॉम., पहिलीच नोकरी. पस्तीस माणसं हा आकडा महत्त्वाचा, कारण वीस माणसांपासून पीएफ आणि दहापासून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू होतो, म्हणजे आम्हाला दोन्ही लागू. पाच-सहा माणसांच्या ऑफिसात यातलं बरंच काही नसतं. तिथलं लेटर उचलून इथे चिकटवलं की हिशेब चुकलाच.

आधी तिन्ही बावीस कागदावर मांडले.

पहिला अर्थ, बावीस म्हणजे सीटीसी. कंपनीचा एकूण खर्च बावीस हजार, त्यातच सगळं. बेसिक 15,000 धरला. त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्के, म्हणजे 1,800. शिवाय विम्याचे अर्धा टक्का 75 आणि प्रशासन खर्चाचे अर्धा टक्का 75. मिळून 1,950. ग्रॅच्युइटीची तरतूद महिन्याला 721, म्हणजे पंधरा दिवसांचं बेसिक सव्वीसच्या भागाकाराने काढून बारा महिन्यांत वाटलेलं. आता उरलेली रक्कम 21,000 च्या आत येते, त्यामुळे ईएसआय लागतो आणि कंपनीचे 3.25 टक्केही याच बाविसातून जातात. इथे नेहमीची चूक होते. हे 3.25 टक्के लोक सीटीसीवर काढतात, पण ते ग्रॉसवर, म्हणजे कपातीपूर्वीच्या पगारावर असतात, आणि ग्रॉस अजून माहीतच नाही. म्हणून उलटं भागावं लागतं:

```
=ROUNDDOWN((22000-1950-721)/1.0325,0)
```

उत्तर 18,720. कंपनीचा ईएसआय 608.40, तो पुढच्या रुपयाला नेतात म्हणून 609. बेरीज करून पाहा: 18,720, 1,950, 721 आणि 609, बरोबर 22,000. आता मुलीच्या बाजूची कपात. पीएफ 1,800, ईएसआय 0.75 टक्के म्हणजे 141, व्यवसायकर 200. हातात 16,579.

दुसरा अर्थ, बावीस म्हणजे ग्रॉस. ग्रॉस 21,000 च्या वर गेल्यामुळे ईएसआय नाही. पीएफ 1,800, व्यवसायकर 200, हातात बरोबर 20,000. कंपनीला पीएफसकट 23,950, ग्रॅच्युइटी धरली तर 24,671.

तिसरा अर्थ, बावीस हातात. मग ग्रॉस 24,000 करावा लागतो आणि कंपनीला पीएफसकट 25,950 पडतात.

तोंडी शब्द एकच, आणि हातात पडणाऱ्या रकमेत पहिल्या आणि तिसऱ्या अर्थामध्ये 5,421 रुपयांचा फरक. कागद शेठपुढे ठेवला. त्यांच्या डोक्यात पहिला अर्थ होता, मुलीच्या वडिलांच्या डोक्यात तिसरा. तासाभराने दुसऱ्यावर एकमत झालं: ग्रॉस 22,000, आणि तेच लेटरमध्ये ‘दरमहा एकूण वेतन, कपातीपूर्वी’ अशा शब्दांत लिहायचं. मी त्याखाली आणखी एक ओळ घातली: ‘सध्याच्या दरांप्रमाणे कपातीनंतर अंदाजे 20,000’. ही ओळ फार कमी कंपन्या लिहितात. ‘अंदाजे’ आणि ‘सध्याच्या दरांप्रमाणे’ हे दोन शब्द असले की कंपनी अडकत नाही, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी कुणी तोंड पाडून टेबलाशी येत नाही.

मग वेतनाचे भाग. जुन्या नमुन्यात बेसिक 11,000, एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता 4,400, वाहनभत्ता 1,600 आणि उरलेलं सगळं ‘विशेष भत्ता’ अशी खिचडी होती. विशेष भत्ता ठेवायचा तो पीएफ वाचवायला, असा जुना समज. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2019 च्या निकालानंतर तो पार उघडा पडला. सगळ्यांना सरसकट, ठरावीक मिळणारा भत्ता पीएफच्या हिशेबात धरला जातो. एचआरए मात्र कायद्यानेच बाहेर आहे.

आमच्या प्रकरणात उलटाच धोका होता आणि तो जवळजवळ घडलाच. माझ्या पहिल्या मसुद्यात बेसिक 15,000, एचआरए 5,000, विशेष भत्ता 2,000 असं होतं. दिसायला नीटनेटकं. पण पीएफचं वेतन होतं 17,000, आणि मुलगी पहिल्यांदाच पीएफमध्ये येणार होती. नव्या माणसाचं पीएफचं वेतन रुजू होताना 15,000 च्या वर असेल तर त्याला पीएफ सक्तीचा राहत नाही. दोघांनी मिळून अर्ज केला तरच घेता येतो. आणि घेतला तरी सप्टेंबर 2014 पासूनच्या नियमाने अशा नव्या सदस्याला पेन्शन योजनेत जाता येत नाही. कंपनीचा 1,800 चा पूर्ण वाटा पीएफ खात्यात जातो. आमचा पगार करणारा मुलगा मात्र सवयीने 1,250 पेन्शनला आणि 550 पीएफला टाकणार होता. अशी चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे कधीतरी ती माणसं पैसे काढायला जातात आणि तेव्हा दावा अडकतो.

म्हणून विशेष भत्ता काढून टाकला. बेसिक 15,000, एचआरए 7,000, संपलं. पीएफचं वेतन बरोबर 15,000, म्हणजे ती सक्तीच्या सदस्यत्वात बसते, पेन्शनलाही पात्र, आणि 1,250 व 550 ही वाटणीही योग्य ठरते. दोनच ओळींचा तक्ता शेठना जरा उघडाबोडका वाटला. “बीजी कंपनीमां तो आठ लाइन होय छे,” असं म्हणालेसुद्धा. असू देत. ज्युनिअर अकाउंटंटच्या पगाराला आठ ओळी म्हणजे सहा ओळी धूळफेक.

व्यवसायकराची वेगळी गंमत झाली. नेटवरून उतरवलेल्या नमुन्यात ‘दरमहा 200, फेब्रुवारीत 300’ असं छापलेलं होतं. तो महाराष्ट्राचा नियम. गुजरातेत 12,000 च्या वर पगार असला की सरसकट 200, फेब्रुवारी वेगळा नाही. त्यातच मुलीच्या पुण्याच्या मावशीने फोनवर सांगितलं, की बायकांना पंचवीस हजारांपर्यंत व्यवसायकर नसतोच. तेही खरं, पण महाराष्ट्रात. मी तिच्या वडिलांना म्हटलं, “काका, मावशींचं बरोबर आहे, फक्त आपण तापीच्या अलीकडे राहतो.” ते हसले आणि विषय मिटला. वडोदऱ्यातल्या मराठी घरांत हा घोळ नेहमीचा, कारण नातेवाईक पुण्या-मुंबईचे आणि पगार गुजरातेतला.

बोनस मासिक तक्त्यात घातला नाही. बेसिक 21,000 च्या आत असल्यामुळे ती बोनसला पात्र आहे, किमान 8.33 टक्के. पण तो 7,000 किंवा किमान वेतन, यांपैकी जे जास्त त्यावर मोजतात, आणि वर्षात किमान तीस दिवस काम झालेलं असावं लागतं. आकडा दरवर्षी हलतो. म्हणून फक्त ‘बोनस कायद्याप्रमाणे, वरील वेतनाव्यतिरिक्त’ एवढंच लिहिलं. ग्रॅच्युइटीचंही तसंच. पाच वर्षांनी मिळणारी रक्कम दर महिन्याच्या पगारात मोजून दाखवणं मला पटत नाही. सीटीसी फुगवायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

कामाच्या स्वरूपाची ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘अकाउंट्सची सर्व कामे व वरिष्ठ सांगतील ती इतर कामे’ असं सगळीकडे असतं. मग जुलैत टॅलीत खरेदीच्या एंट्र्या, ऑगस्टात गेटवर ट्रकची पावती, दिवाळीला मिठाईचे डबे, सगळं त्यात बसतं. मी काम महिन्याच्या तारखांवर बसवलं, कारण अकाउंट्सचं काम मुळात तारखांचंच. सात तारखेपर्यंत टीडीएसचं चलन तयार करणं. अकराच्या आत विक्रीच्या रिटर्नसाठी बिलांची यादी तपासणं. चौदाला जीएसटी पोर्टलवर 2बी, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांचा उतारा आला की खरेदीची बिलं त्याच्याशी जुळवणं आणि ज्या विक्रेत्यांची बिलं दिसत नाहीत त्यांची यादी काढणं. पंधराच्या आत पीएफ-ईएसआयची माहिती पगार विभागाला देणं. वीसच्या आत 3बी या जीएसटी रिटर्नचा कच्चा हिशेब. आणि रोजचं म्हणजे खरेदी-खर्चाच्या एंट्र्या, आठवड्याला बँकेचा ताळमेळ.

या सगळ्यात क्रियापद काय वापरतो याला महत्त्व आहे. ‘रिटर्न भरणे’ असं लिहिलं तर उशिराच्या दंडाचं बोट उद्या तिच्याकडे वळतं. म्हणून ‘तयार करणे’, ‘जुळवणे’ आणि ‘वरिष्ठ अकाउंटंटकडे तपासणीसाठी देणे’. भरण्याचा, ओटीपीचा आणि बँकेतून पैसे सोडण्याचा अधिकार या पदाला नाही, हेही एका वाक्यात स्पष्ट लिहिलं. रोख रक्कम ती सांभाळणार का, हा प्रश्न शेठना विचारला तेव्हा ते क्षणभर थांबले. शेवटी किरकोळ खर्चाची पेटी 5,000 पर्यंत, रोज संध्याकाळी मोजून सही, असं ठरलं. हे ठरलं नसतं तर पहिल्या तुटीच्या वेळी नुसता आवाज चढला असता.

प्रोबेशन सहा महिने. ‘सहा महिने’ एवढंच लिहू नका, तारीख लिहा: 1 जुलै 2024 ते 31 डिसेंबर 2024. वाढवायचं झालं तर एकदाच, तीन महिन्यांपर्यंत, आणि मुदत संपण्याआधी लेखी कारण देऊन. आणि कायम होणं कधी? इथे बहुतेक लेटरं गप्प असतात. 31 डिसेंबर येतो आणि जातो, कुणी काही बोलत नाही, मुलीला वाटतं आपण कायम झालो, कंपनीला वाटतं अजून प्रोबेशनच. तारीख उलटली म्हणजे माणूस आपोआप कायम झाला, असं सहसा धरलं जात नाही. लेटरमध्ये काय लिहिलंय यावर बरंच ठरतं. मी दोन्ही बाजूंना बांधणारं वाक्य घातलं: ‘31 डिसेंबर 2024 पर्यंत कंपनीने मुदतवाढीचे किंवा सेवा संपवल्याचे पत्र न दिल्यास 1 जानेवारी 2025 पासून सेवा कायम समजण्यात येईल.’ शेठ यावर कुरकुरले. पण या वाक्यामुळे डिसेंबरात कुणीतरी तिची फाईल उघडतं, हाच त्याचा उपयोग.

नोटीस प्रोबेशनमध्ये पंधरा दिवस, नंतर तीस. दोन्ही बाजूंना सारखी. आता ‘नोटीसच्या बदल्यात वेतन’ असं लिहिलं की पुढचा वाद तयार: वेतन म्हणजे बेसिक की ग्रॉस? भागाकार तीसने की सव्वीसने? पंधरा दिवसांचं बेसिक तीसने काढलं तर 7,500. ग्रॉस काढलं तर 11,000. सोडून जाताना कंपनी ग्रॉस कापते आणि काढून टाकताना बेसिक देते, असे प्रकार मी पाहिले आहेत, आणि दोन्ही वेळा बोट त्याच एका शब्दावर ठेवलेलं असतं. आम्ही ‘बेसिक, तीसने भागून’ लिहिलं, दोघांसाठी एकच.

रुजू होण्याच्या अटींत दोन गोष्टींनी त्रास दिला.

पहिली पदवीची. नमुन्यात ‘मूळ पदवी प्रमाणपत्र सादर करणे आवश्यक’ असं होतं. पण पदवी मिळते पदवीदान समारंभात, आणि तो निकालानंतर काही महिन्यांनी होतो. 1 जुलैला ती मूळ पदवी आणणार कुठून? अट अक्षरशः धरली तर ती रुजूच होऊ शकत नाही, किंवा पहिल्या दिवसापासून अट मोडून बसते. म्हणून ‘शेवटच्या सेमिस्टरची गुणपत्रिका किंवा तात्पुरते प्रमाणपत्र; पदवी मिळाल्यावर तीस दिवसांत प्रत’ असं केलं. निकाल लागायचा असेल तर ‘उत्तीर्ण असल्यास’ ही अट वेगळी लिहावी लागते, पण तिचा निकाल लागलेला होता. मूळ कागद पाहून परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत, हेही लिहिलं. प्रमाणपत्रं कपाटात ठेवून माणूस टिकत नाही. नुसती भांडणं टिकतात.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ती आमच्या शहराची खास. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. त्यातून वडिलांच्या नावाला आधारवर ‘भाई’ चिकटलेलं, पॅनवर ‘राव’, आणि गुणपत्रिकेवर दोन्ही नाही. घरी ते राव, केंद्रावर टाईप करणाऱ्याने सवयीने भाई केलं. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक काढताना आधारशी अक्षर न्‌ अक्षर जुळावं लागतं, नाहीतर केवायसी परत येतं. यूएएनशिवाय पीएफची महिन्याची फाईल तिच्या नावाने भरता येत नाही, आणि ती पंधरा तारखेच्या आत जावी लागते. म्हणून लेटरसोबतच्या कागदपत्रांच्या यादीत एक ओळ आहे, जी कुठल्याच नमुन्यात सापडत नाही: ‘आधार, पॅन व बँक पासबुकावरील नाव सारखे असल्याची खात्री रुजू होण्यापूर्वी करावी, फरक असल्यास दुरुस्तीच्या अर्जाची पावती आणावी.’ यासाठी लेटर वीस जूनला दिलं. शेवटच्या शनिवारी देऊन सोमवारी रुजू व्हायला सांगितलं असतं तर हे जमलंच नसतं.

लेटर स्वीकारायची शेवटची तारीख 25 जून, रुजू व्हायची 1 जुलै, सोमवार. दोन्ही तारखा वेगळ्या लिहिल्या. एकच तारीख असली की उमेदवार शेवटपर्यंत हो-नाही करत राहतो आणि तुम्हाला दुसऱ्याला बोलवताही येत नाही. महिन्याच्या एक तारखेला रुजू करून घेतलं तर पहिल्या महिन्याचा हिशेब सरळ राहतो. तीस दिवसांच्या महिन्यात सोळाला घेतलं तर पीएफ अर्ध्या वेतनावर, पण व्यवसायकर वेतन 12,000 च्या वर जातं की नाही ते पाहून. 22,000 चा अर्धा 11,000, म्हणजे त्या महिन्यात कर शून्य.

हे सगळं 2024 चं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, तेव्हा आज हेच लेटर करायचं झालं तर काही जागा पुन्हा बघाव्या लागतील. वेतनाच्या नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात परत धरली जाते. आमच्या तक्त्यात 22,000 पैकी 15,000 बेसिक आहे, त्यामुळे तिथे धक्का नाही. पण जुन्या 11,000 बेसिकच्या नमुन्यात एखादा भत्ता आणखी वाढला असता तर लागला असता. ईएसआयची 21,000 ची रेघ कोणत्या रकमेवर ओढायची हेही वेतनाच्या व्याख्येवर ठरतं, म्हणून ‘बावीस हजार, म्हणून ईएसआय नाही’ हे माझं वरचं वाक्य आज तसंच उचलू नका. नोकरी सोडल्यावर ‘हिशेब 45 दिवसांत’ अशी जी ओळ आमच्या लेटरमध्ये होती, तीही आता काढावी लागेल, कारण नोकरी सुटल्यावर वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. आणि नियुक्तीपत्र आता सगळ्यांनाच द्यावं लागतं. ऑफर लेटर म्हणजे नियुक्तीपत्र नव्हे; रुजू झाल्यावर दुसरा कागद द्यायचाच.

सही घेताना तीन पानांचं लेटर आणि वेतनाचा तक्ता, अशा चारही पानांवर घेतली. नुसत्या शेवटच्या पानावर सही असेल तर तक्त्याचं पान बदललं असं म्हणायला जागा राहते. तिने सही करण्याआधी तक्ता उलटा धरून वडिलांना दाखवला आणि विचारलं, “म्हणजे हे वीसच ना?” मी म्हटलं, हो, आणि ‘अंदाजे 20,000’ या ओळीवर बोट ठेवलं. वडिलांनी चष्मा पुसून ती ओळ परत वाचली, मग पेन तिच्या हातात दिलं.